"१२ वस्तू, ४०% बचत": एका हॅम्परचं वर्णन दुरुस्त करतानाच्या नोंदी

३ मार्च

आज हे काम माझ्या गळ्यात पडलं. ऑनलाइन गिफ्टच्या दुकानासाठी मी प्रॉडक्टची वर्णनं लिहिते, आणि त्यातलं चहाचं हॅम्पर सगळ्यात जास्त खपतं आणि सगळ्यात जास्त तक्रारी पण त्याच्याच येतात. ताईंनी (दुकान त्यांचं) तीन मेल फॉरवर्ड केले. एकीला मेणबत्ती फोटोपेक्षा "बोटाएवढी" वाटली, एकाने विचारलंय की १२ वस्तू कुठायत, मी मोजल्या तर ८ निघाल्या. तिसरा मेल वाचून मात्र पोटात गोळा आला, कुणीतरी हे हॅम्पर दुखवट्याच्या घरी पाठवलं होतं कारण वर्णनात "प्रत्येक प्रसंगासाठी परफेक्ट" लिहिलंय, आणि आतल्या कार्डावर छापलेलं होतं "हार्दिक अभिनंदन".

ते वाक्य मीच लिहिलंय, दीड वर्षापूर्वी. त्यामुळे दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

सध्याचं वर्णन जसंच्या तसं उतरवून ठेवते, नंतर तुलना करायला लागेल:

"१२ खास वस्तूंनी सजलेलं आलिशान टी हॅम्पर! वाढदिवस, लग्न, बाळाचं आगमन, निरोप समारंभ, आजारपण, प्रत्येक प्रसंगासाठी परफेक्ट. १८०० किमतीचं हॅम्पर फक्त १०८० मध्ये, ४०% बचत!"

(आकडे एका ठरावीक पटीत बदलून लिहितेय आणि चलन मुद्दाम टाकत नाहीये, आतल्या किमती जगजाहीर करायच्या नाहीयेत. प्रमाण मात्र खरं आहे.)

४ मार्च

स्क्रीनवर बघून दुरुस्ती करायची नाही असं ठरवलं. पॅकिंगला गेले आणि तयार हॅम्परपैकी मधलंच एक उचलून टेबलावर रिकामं केलं, वरचं घेतलं नाही कारण वरचं नेहमी जरा नीट भरलेलं असतं.

निघालं ते असं. एक मग, १०० ग्रॅम चहाचा डबा, स्टीलची जाळीची गाळणी, मधाची छोटी बाटली, बिस्किटांची दोन पाकिटं, एक सुगंधी मेणबत्ती, एक वही. हे झाले आठ. मग कार्ड, टोपली, रिबन आणि तळाशी कातरलेला कागद. हे मिळून बारा! म्हणजे बिस्किटांची पाकिटं दोन मोजली आणि भरावाचा कागद पण "खास वस्तू" म्हणून मोजला तेव्हा कुठे बारा भरतात. त्या कागदाचा ढीग हाताने दाबून बघितला, टोपलीची निम्मी खोली त्यानेच भरलीय. तो काढला तर मेणबत्ती तळाला जाऊन बसते, त्यामुळे कागद लागतोच, फक्त ती वस्तू नाही.

मोजायचा नियम ठरवला: घरी गेल्यावर माणूस जे वापरेल किंवा खाईल ते वस्तू, जे फेकेल किंवा माळ्यावर टाकेल ते पॅकिंग. टोपलीवर पॅकिंगच्या दादांशी वाद झाला, ते म्हणाले टोपली लोक ठेवतात, माझ्या बायकोने त्यात कांदे ठेवलेत. बरोबर आहे, पण हॅम्पर घेताना टोपलीसाठी कुणी घेत नाही. शेवटी टोपलीचा उल्लेख वेगळ्या वाक्यात करायचा आणि आकड्यात मोजायची नाही यावर मिटलं. कार्ड मात्र मोजलं, ते आपण सुटं पण विकतो. म्हणजे ९.

नंतर प्रत्येक गोष्ट काट्यावर ठेवली. मध ५० ग्रॅम. आपल्याच पेजवर सुटी विकतो ती बाटली २५० ग्रॅमची. मेणबत्ती ६० ग्रॅम, सुटी विकतो ती १५० ग्रॅमची. वर्णनात दोन्हींचं वजन कुठेच नाही आणि फोटोत मात्र मोठी मेणबत्ती! बोटाएवढीवाल्या बाईंचं काय चुकलं मग.

६ मार्च

आज ते १८०० आले कुठून ते शोधलं. जुनी शीट सापडली. मग ३००, चहा ३५०, गाळणी १२०, मध २००, बिस्किटं दोन मिळून १८०, मेणबत्ती २८०, वही १५०, कार्ड ४०, टोपली १५०, रिबन आणि कागद ३०. बेरीज बरोबर १८००. म्हणजे कुणी थापा मारल्या नाहीयेत, बेरीज चोख आहे, फक्त बेरजेतल्या ओळी चुकीच्या आहेत. आणि म्हणूनच इतके दिवस कुणाला खटकलं नाही, शीट दिसायला इतकी नीट आहे.

एकेक ओळ घेऊन बसले.

टोपली, रिबन, कागद मिळून १८०, हे सरळ बाहेर. सुटं सामान घेणारा माणूस रिबन विकत घेत नाही, त्यामुळे त्याचे पैसे "वाचले" म्हणता येत नाहीत. राहिले १६२०.

मधाची किंमत मोठ्या बाटलीची धरलीय आणि आत बाटली छोटी. वजनाच्या हिशोबाने २५० ग्रॅमचे २०० तर ५० ग्रॅमचे ४०. मेणबत्ती तशीच, १५० ग्रॅमचे २८० तर ६० ग्रॅमचे ११२. आता इथे ताई म्हणाल्या की छोटं पॅक दर ग्रॅमला नेहमीच महाग पडतं, बाटली आणि झाकणाचा खर्च तेवढाच असतो, त्यामुळे ४० कमी धरतेस. मुद्दा खरा आहे. पण छोटी बाटली आपण सुटी कधी विकलीच नाही, मग तिची "किंमत" आपण मनाने ठरवणार आणि मनाने ठरवलेल्या किमतीवर सूट दाखवणार, हेच तर काढायचंय. शंका असेल तिथे आकडा आपल्या तोट्याच्या बाजूला झुकवायचा, असं ठरवलं. मधात १६० आणि मेणबत्तीत १६८ गेले, राहिले १२९२.

मगाची ३०० ही खोडलेली किंमत. ऑर्डर रिपोर्ट काढला, गेल्या दोन महिन्यांत एकही मग ३०० ला गेलेला नाही, सगळे २४० ला. जी किंमत कुणी देतच नाही ती तुलनेला कशी घ्यायची. युरोपियन युनियनमध्ये २०२२ पासून असा नियम आहे की किंमत कमी केल्याची जाहिरात करायची तर आधीच्या निदान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत तुलनेला दाखवायची. तो नियम सुट्या वस्तूच्या सवलतीसाठी आहे, हॅम्परसाठी लिहिलेला नाही, पण मोजपट्टी म्हणून मला तो पटला म्हणून शीटमध्ये "३० दिवसांतली सर्वात कमी" असा कॉलमच टाकला. ६० गेले, १२३२.

बिस्किटांचं पाकीट ९० ला आहे पण दोनची जोडी १६० ला आपणच विकतो. हॅम्परमध्ये दोन आहेत तर जोडीचाच भाव लावायचा. २० गेले. राहिले १२१२.

चहा, गाळणी, वही, कार्ड जशास तसे, तिथे काही गडबड नाही.

१२१२ मधून १०८० गेले की १३२. ताईंनी लगेच कॅल्क्युलेटरवर १२ टक्के काढले, त्यांनी १३२ ला १०८० ने भागलं होतं. बचतीचा टक्का सुट्या बेरजेवर काढायचा, म्हणजे १३२ भागिले १२१२, जेमतेम ११ टक्के आणि तेही पूर्णांकात करायचं तर खालीच न्यायचं, १०. चाळीसचे दहा झाले एका दुपारीत.

७ मार्च

काल १० टक्क्यांवर थांबलो असतो तर बरं झालं असतं असं आज वाटतंय.

झालं काय, मी गिऱ्हाईक बनून स्वतः ऑर्डर टाकून बघितली. हॅम्पर कार्टमध्ये टाकलं, पत्ता भरला, आणि अगदी शेवटच्या पायरीला डिलिव्हरीचे ९० लागले. प्रॉडक्ट पेजवर त्याचा शब्द नाही. मग दुसऱ्या विंडोमध्ये तेच सामान सुटं टाकलं, तर १००० च्या वर गेल्यामुळे डिलिव्हरी फ्री!

हॅम्परला फ्री डिलिव्हरीतून वगळलंय हे मला माहीतच नव्हतं. कारण विचारलं तर टोपली. सामानाचं वजन दीड किलोच्या आत आहे पण कुरिअरवाले मोठ्या हलक्या खोक्याला आकारमानाचं वजन लावतात, बरेच जण लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. आपलं खोकं ३५ गुणिले ३० गुणिले २५, म्हणजे २६२५०, भागिले ५००० म्हणजे सव्वापाच किलो. दीड किलोचं सामान सव्वापाच किलोचं म्हणून जातं आणि वरचा सगळा खर्च टोपलीतल्या हवेचा आणि कागदाचा.

आता खरा हिशोब: हॅम्पर हातात पडतं ११७० ला. सुट्या वस्तूंची बेरीज १२१२, डिलिव्हरी शून्य. फरक ४२. साडेतीन टक्के पण नाही पुरते.

आणि त्यातही एक गोची आहे जी मला रात्री भांडी घासताना सुचली. १२१२ ला ते सामान सुटं मिळतच नाही, कारण छोटा मध आणि छोटी मेणबत्ती सुटी नाहीच. खरंच सुटं घ्यायला गेलं तर मोठी बाटली आणि मोठी मेणबत्ती घ्यावी लागेल, १५४० होतील, पण मग माल पण जास्त मिळेल. म्हणजे १५४० शी तुलना केली तर चुकीची आणि १२१२ ही कागदावरची. दोन्हीतला कुठलाच आकडा "तुम्ही इतके वाचवता" या वाक्याला पेलत नाही.

१० मार्च

ताईंशी बसून बोललो. तीन पर्याय मांडले. एक, डिलिव्हरी आपण सोसायची, मग १३२ चा फरक खरा होतो. दोन, छोट्या वस्तू सुट्या पण विकायला ठेवायच्या, मग त्यांना खरी किंमत येईल. तीन, बचतीचं वाक्यच काढायचं.

पहिल्यात मार्जिन जातं. दुसरा पर्याय त्यांना आवडला होता, पण मी म्हणलं की नुसतं पेज बनवून ठेवलं आणि कुणी विकतच घेतलं नाही तर ती पण मगाच्या ३०० सारखीच शोभेची किंमत होईल. त्यावर त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "४२ ची बचत लिहायला मला लाज वाटेल गं, त्यापेक्षा नकोच लिहू."

ठरलं. बचत नाही. किंमत ११७०, डिलिव्हरी धरून, पेजवर सुरुवातीलाच.

त्यांना भीती आहे की १०८० चा ११७० दिसला की लोक पळतील. पळतील काही. पण तेच लोक आत्ता शेवटच्या पायरीला ९० बघून पळतायत, कार्ट सोडून जाणाऱ्यांमध्ये हे हॅम्पर आमच्याकडे सगळ्यात वर आहे हे मी त्यांना रिपोर्टमध्ये दाखवलं.

मग विकायचं काय सांगून हा प्रश्न राहिलाच. माझं म्हणणं, आपण खरं तर बांधाबांध विकतोय. नऊ गोष्टी निवडा, टोपलीत न फुटता बसवा, कार्डावर हाताने मजकूर लिहा, दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवा आणि किंमतीचं बिल आत टाकू नका. यातलं शेवटचं वर्णनात नव्हतंच, आणि गिफ्ट पाठवणाऱ्याला सगळ्यात आधी तेच विचारायचं असतं! फोनवर रोज दोघेतिघे विचारतात.

१२ मार्च

आजचा दिवस प्रसंगांचा. जुन्या यादीतला एकेक प्रसंग घेऊन टोपलीकडे बघायचं आणि विचारायचं, यातली कुठली वस्तू इथे अडेल.

लग्न: मग एकच आहे. दोघांना एक मग पाठवणं म्हणजे भांडण लावणं. काढलं.

बाळाचं आगमन: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो, त्यातल्या जिवाणूंमुळे बॉट्युलिझमचा धोका असतो. हॅम्पर आईवडिलांसाठी आहे हे मान्य, पण "बाळासाठी" म्हणून मध पाठवायची कल्पना आपण कशाला डोक्यात घालायची, कुणीतरी चाटवेल. काढलं.

आजारपण: सुगंधी मेणबत्ती. आजारी माणसाला वास सहन होत नाहीत बऱ्याचदा, आणि हॉस्पिटलच्या खोलीत ती पेटवता येणार नाही. त्यात साखरेची बिस्किटं आणि मध, पथ्य असेल तर निम्मी टोपली वाया. काढलं.

दुखवटा: हा यादीत नव्हताच पण "प्रत्येक प्रसंग" मध्ये तो येतो. माझ्या मते तो शब्दच बंद. टोपलीला रिबनचा बो आहे, कार्ड छापील आहे, याचा सूर आनंदाचा आहे आणि वर्णनाने तो लपवायला नको. उलट स्पष्ट लिहिलं, "दुखवट्यासाठी हे निवडू नका."

उरले वाढदिवस आणि निरोप. आणि एक माझ्याकडून वाढवला, कुणाचे तरी आभार मानायला, कारण एकट्या माणसाला, फार जवळच्या नसलेल्या, मापबीप माहीत नसलेल्या माणसाला पाठवायला हे खरंच छान आहे. अट एकच की माणूस चहा पिणारा पाहिजे. हे लिहायला हवं का यावर पाच मिनिटं गेली, हसू पण आलं, पण लिहिलं. चहा, गाळणी, मग हे तिन्ही चहा न पिणाऱ्याला अडगळ आहेत आणि किमतीतला मोठा भाग तिथेच आहे.

छापील "अभिनंदन" कार्डं बंद करून कोरी मागवायला सांगितली. जुनी दोनेकशे शिल्लक आहेत, ती सुटी विकू.

१३ मार्च

फोटो. जुन्या फोटोत फुलदाणी, दोन मग आणि मोठी मेणबत्ती. खाली बारीक अक्षरात "फोटोतील सजावट समाविष्ट नाही" टाकू या असं एक मत आलं. नको म्हणलं, फोन वर माणूस फोटो बघतो, बारीक अक्षर बघत नाही. दोन नवे फोटो काढले. एकात नऊ वस्तू टोपलीबाहेर ओळीने, दुसऱ्यात मेणबत्ती आणि मधाची बाटली हातात धरून. हाताने आकार लगेच कळतो. दादांचाच हात, अंगठीसकट.

टिकण्याची तारीख पण आज बघितली. बिस्किटं सगळ्यात आधी संपतात, त्यामुळे पूर्ण हॅम्परची तारीख तीच. पॅकिंगला विचारून "पाठवताना निदान ४५ दिवस शिल्लक" लिहिलं, ते जितके दिवस खात्रीने पाळू शकतात तितकेच, त्यांनी आधी ६० सांगितलं होतं आणि मग स्टॉक उघडून बघितल्यावर ४५ वर आले.

१७ मार्च

नवीन वर्णन आज लाइव्ह:

"एका चहाप्रेमी माणसासाठी ९ वस्तू, टोपलीत बांधलेल्या: मग (३०० मिली), चहा १०० ग्रॅम, स्टीलची गाळणी, मध ५० ग्रॅम (छोटी बाटली), बिस्किटांची २ पाकिटं, सुगंधी मेणबत्ती ६० ग्रॅम (छोटी), वही, कोरं कार्ड. कार्डावर तुमचा मजकूर आम्ही हाताने लिहितो. टोपलीत बिल टाकत नाही.

वाढदिवस, निरोप किंवा आभार मानायला चांगलं. आनंदाच्या सजावटीचं आहे, दुखवट्यासाठी निवडू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये.

एकूण ११७०, डिलिव्हरीसकट. मगाचा रंग स्टॉकप्रमाणे बदलू शकतो, बाकी काही बदलावं लागलं तर पाठवण्याआधी तुम्हाला विचारू."

लाइव्ह केलं आणि पेज उघडलं तर कोपऱ्यात लाल बॅज, "३५% सूट". डोक्याला हात लावला. तो बॅज कुणी टाइप केलेला नसतो, जुन्या किमतीच्या रकान्यात १८०० तसेच पडले होते आणि सिस्टीम स्वतःच १८०० आणि ११७० मधला टक्का काढून लावत होती. रकाना रिकामा केल्यावर गेला. मग त्याच नजरेने बाकी जागा हुडकल्या: होमपेजच्या बॅनरच्या चित्रात "४०%" रंगवलेलं, सर्चमध्ये दिसणाऱ्या दोन ओळींत "१२ वस्तू", आणि ऑर्डर कन्फर्मेशनच्या मेलमध्ये "तुम्ही ७२० वाचवले". हा मेल तर पैसे भरल्यावर जातो! चारही दुरुस्त.

२ एप्रिल

सहज शीट उघडली. या आठवड्यात चहाच्या डब्याला ऑफर लागलीय, ३५० चा ३००. सुट्यांची बेरीज झाली ११६२, म्हणजे आजच्या तारखेला हॅम्पर सुट्यांपेक्षा ८ ने महाग आहे. "४२ ची बचत" लिहिली असती तर ती आज खोटी पडली असती आणि आम्हाला पत्ता पण लागला नसता, कारण चहाची ऑफर लावणारा माणूस हॅम्परचं पेज उघडत नाही.

ताईंना मेसेज टाकला. त्यांचं उत्तर, "८ ने काय होतंय, टोपली आहे ना." तसं बघायला गेलं तर बरोबर आहे.

मोजणीवरून एकही तक्रार या दोन आठवड्यांत नाही. विक्री किंचित कमी, पण आकडा सांगण्याइतके दिवस झालेले नाहीत. एक मेल मात्र आला, एका बाईंनी विचारलंय की मोठी मेणबत्ती घालून मिळेल का, जास्तीचे पैसे देते. दादांना विचारलं, टोपलीत बसते म्हणाले, थोडा कागद कमी करावा लागेल.